मोटार दीर्घकाळ उभी ठेवणे

दोन-तीन महिने किंवा अधिक काळ न चालवायची मोटार, तिच्यातील इंधन व इतर द्रव बिघडू न देता उभी करून ठेवण्याची पद्धत. तिचे मूळ बहुधा थंड देशांतील हिवाळी साठवणीत असावे. मुंबईत हा प्रसंग मुख्यतः पावसाळ्यात गावी किंवा मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांवर येतो.

टाकी भरलेली ठेवावी की रिकामी, याबद्दल मतभेद आहेत. टाकी भरण्याच्या बाजूने पूर्वापार दिले जाणारे कारण असे, की रिकाम्या जागेतील हवेची वाफ थंड होऊन पेट्रोलमध्ये पाणी पडते. मुंबईपुरते हे कारण दुबळे वाटते. ३० अंश सेल्सिअसच्या पूर्ण दमट २५ लिटर हवेत पाऊण ग्रॅमच पाणी असते आणि पावसाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. खरे कारण प्राणवायू असावा. हवेच्या संपर्काने पेट्रोलचे ऑक्सिडीकरण होऊन चिकट राळ तयार होते आणि हलके घटक उडून गेल्याने इंजिन सुरू होणे जड जाते. टाकी भरली की हवा कमी उरते. म्हणून भरलेल्या टाकीचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मात्र पंपावरील नळी आपोआप बंद पडताच थांबावे. त्यावर आणखी भरल्यास पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरते.

फ्यूएल स्टॅबिलायझर हे ऑक्सिडीकरण लांबवतो. समजा टाकी ३५ लिटरची, आत १० लिटर पेट्रोल, आणि बाटलीवरील प्रमाण १० लिटरला ३० मिलिलिटर. मात्रा संपूर्ण ३५ लिटरची, म्हणजे सुमारे १०५ मिलिलिटर धरावी. ती आधी ओतून मग २५ लिटर भरले की मिश्रण आपोआप ढवळले जाते. त्यानंतर दहा-एक मिनिटे गाडी चालवावी, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचते. ही पायरी गाळल्यास नळ्यांमध्ये जुनेच पेट्रोल राहते.

शिळे झालेले पेट्रोल स्टॅबिलायझरने ताजे होत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये बरेच पाणी शिरल्यास इथेनॉल व पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात आणि पंप नेमके तेच ओढतो. शंका आल्यास टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पाहावे. ते गढूळ असेल किंवा दोन थर दिसले, तर टाकी उपसण्यावाचून इलाज नाही.

इंजिन ऑइल निघण्यापूर्वी बदलावे, परतल्यावर नव्हे. वापरलेल्या ऑइलमधील आम्ले व ओलावा बेअरिंगना गंज आणतात. ब्रेक ऑइल हवेतील दमटपणा शोषते. दोन वर्षांहून जुने असल्यास तेही बदलावे. कूलंटची पातळी इंजिन थंड असताना पाहावी. त्यात साधे पाणी घातलेले असल्यास गंजरोधक विरळ झालेला असतो.

बॅटरीची ऋण तार सोडवावी. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, कारण दमट हवेत ब्रेकचे गुटके चिकटून बसतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या तळघरात उभ्या केलेल्या गाडीला यांपैकी कोणतीही तयारी वाचवत नाही.