बीजाणू की युग्मक? दोन्ही n, तरी घोळ इथेच होतो

पिढ्यांच्या एकांतरणावरचे पेपर तपासताना एक वाक्य हमखास भेटतं : 'मायोसिस होऊन युग्मक तयार होतात.' प्राण्यांत हे खरं आहे आणि शाळेपासून तेच डोक्यात बसलेलं असतं. मॉस, नेचे, पाइन, मका, कुठलंही घ्या, तिथे मायोसिसमधून बाहेर पडतो तो बीजाणू. युग्मक त्यानंतर केव्हातरी तयार होतात, तेही साध्या मायटोसिसने.

बीजाणू आणि युग्मक दोन्ही एकपेशीय, दोन्ही n. नुसतं पाहून फरक कळत नाही. पुढे काय होतं ते पाहावं लागतं. बीजाणू एकटाच विभागत जातो आणि त्याचं शरीर बनतं, ते गॅमेटोफाइट. युग्मकाला जोडीदार लागतो. दोन युग्मक मिळून झालेल्या युग्मनजापासून 2n शरीर वाढतं, ते स्पोरोफाइट. चारही गटांत हा क्रम बदलत नाही. म्हणून प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा : बीजाणू आणि युग्मक यांच्या मधलं शरीर कुठे आहे?

मॉसमध्ये ते शोधावं लागत नाही. ओल्या भिंतीवरची हिरवी मखमल म्हणजेच गॅमेटोफाइट. बीजाणू रुजून आधी धाग्यांसारखा प्रोटोनीमा होतो, त्यावर पानांची इवली रोपं येतात. त्यांच्या शेंड्यातून वर आलेला देठ आणि त्यावरची कुपी हा स्पोरोफाइट. तो आईच्या अंगावरच वाढतो आणि पाणी, क्षार तिच्याकडूनच घेतो. कोवळ्या कुपीवर टोपीसारखा पातळ पापुद्रा असतो, कॅलिप्ट्रा. तो चिमट्याने अलगद निघतो. ही टोपी म्हणजे अंडधानीच्या भिंतीचा वर उचलला गेलेला तुकडा, म्हणजे n. खालची कुपी 2n. तोंडी परीक्षेत मी हे आवर्जून विचारतो, आणि बहुतेक जण टोपी कुपीचाच भाग धरून 2n सांगतात.

नेच्यात मोठं झाड स्पोरोफाइट. पानाच्या पाठीवरच्या तपकिरी ठिपक्यांत मायोसिस होतो. बीजाणू ओल्या मातीत पडून काही मिलिमीटरचा, बहुधा बदामाच्या आकाराचा हिरवा प्रोथॅलस होतो. तो स्वतःचं अन्न स्वतः करतो. चार गटांत दोन्ही पिढ्या स्वतंत्रपणे जगतात त्या फक्त इथे.

पाइनपासून गुंता वाढतो, कारण मादी बीजाणू बाहेर पडतच नाही. बीजांडात एका पेशीचा मायोसिस होऊन चार गुरुबीजाणू होतात, तीन मरतात. उरलेला आतल्या आत विभागत राहतो. आधी नुसती केंद्रकं वाढतात, पेशीभित्ती मागून येतात. हा ऊतींचा गोळा म्हणजे मादी गॅमेटोफाइट आणि त्यातच अंडधानी तयार होतात. नर बाजूला लघुबीजाणू परागकोशातच विभागू लागतो, त्यामुळे सुटणारा परागकण चार पेशींचा असतो. परागकणाला 'नर युग्मक' म्हणणं म्हणूनच चूक. तो अख्खा नर गॅमेटोफाइट आहे, अजून वाढायचा राहिलेला.

आता पाइनचं बी उभं चिरा. पाइनमध्ये 2n = 24. बाहेरचं कवच जुन्या स्पोरोफाइटचं, गुणसूत्रं २४. आतला पांढरा गर मादी गॅमेटोफाइट, १२. मधला भ्रूण नवा स्पोरोफाइट, पुन्हा २४. एका बीत तीन पिढ्या.

मक्यात 2n = 20. दाण्यातला गर दिसायला तसाच, काम तेच आणि नावही बऱ्याच ठिकाणी तेच, एंडोस्पर्म. मूळ मात्र वेगळं. इथे गुरुबीजाणूचं केंद्रक फक्त तीनदा विभागतं, आठ केंद्रकं होतात आणि त्यांतून सुरुवातीला सात पेशींचा भ्रूणकोष बनतो. मादी गॅमेटोफाइट एवढाच. त्याच्या मधल्या पेशीत n ची दोन केंद्रकं असतात. परागनलिकेतून आलेल्या दोन नर युग्मकांपैकी एक अंड्याशी मिळतो, दुसरा या मधल्या पेशीशी : १० + १० + १० = ३०. म्हणून मक्याचा गर 3n. तो गॅमेटोफाइटही नाही आणि स्पोरोफाइटही नाही. दोन्ही पिढ्यांच्या हिशेबाबाहेरची ऊती.

पेपरात नुसतं 'एंडोस्पर्म' दिसलं, की तो गर फलनाआधी तयार झाला की नंतर, हे आधी ठरवा. पाइनचा आधीच वाढलेला असतो, म्हणून n. मक्याचा फलनाशिवाय सुरूच होत नाही, म्हणून 3n.