गणिताच्या भीतीवरची पुस्तकं: १९१० ते १९४३

शाळेत गणिताने घाबरवलेल्या मोठ्या माणसांसाठी आज जी पुस्तकं निघतात, त्यांचा एक जुना धागा १९१० सालच्या लंडनपर्यंत जातो. त्या वर्षी मॅकमिलन प्रकाशनाने ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ हे बदलाचा वेग मोजणाऱ्या गणितावरचं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नव्हतं. ते लिहिणारे सिल्व्हेनस थॉम्पसन फिन्सबरीच्या तंत्र महाविद्यालयाचे प्राचार्य होते, विजेचं शास्त्र शिकवत. गणित कामापुरतं लागणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण त्यांना रोज दिसत होती.

पहिल्या प्रकरणात ते थेट भीतीलाच हात घालतात. भीती बसते ती चिन्हांनी, असं त्यांचं निदान. म्हणून `dx` म्हणजे x चा अगदी छोटा तुकडा आणि `∫` म्हणजे अशा तुकड्यांची बेरीज, एवढं सांगून ते कामाला लागतात.

त्यांची रीत एका चौरसावर पाहू. बाजू १० सेंमी, क्षेत्रफळ १००. बाजू ०.१ ने वाढवली की क्षेत्रफळ १०२.०१ होतं. वाढलेल्या २.०१ पैकी २ येतात दोन कडांना लागलेल्या पट्ट्यांतून, आणि ०.०१ कोपऱ्यातल्या चिमुकल्या चौरसातून. आता बाजू ०.०१ नेच वाढवा. पट्ट्या ०.२ वर येतात, कोपरा ०.०००१ वर. पट्ट्या दहापट घटल्या, कोपरा शंभरपट. वाढ जितकी लहान, तितका कोपरा हिशेबातून निसटतो. उरलेल्या पट्ट्यांना बाजूच्या वाढीने भागलं की येतं बाजूच्या दुप्पट, म्हणजे २०. शाळेत नुसतं पाठ केलेलं ‘x² चं 2x’ ते हेच.

कोपरा ‘सोडून द्यायचा’ हे काटेकोर गणितज्ञांना पटणारं नव्हतं, आणि थॉम्पसनना ते ठाऊक होतं. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी या आक्षेपांचा समाचारही घेतला आहे. पुस्तकाची ही उणीव खरीच आहे. लिमिट, म्हणजे वाढ शून्याकडे नेत गेलं की उत्तर ज्या संख्येजवळ पोचतं ती, तिची पक्की व्याख्या इथे मिळत नाही, त्यामुळे पुढे सिद्धता शिकायच्या तर दुसरं पुस्तक हवंच. पण घाबरलेल्या माणसाला आधी व्याख्या आणि मग चित्र हा क्रमच नडलेला असतो. तो उलटवला, हे मला थॉम्पसनचं सर्वांत मोठं काम वाटतं.

१९३६ मध्ये जीवशास्त्रज्ञ लान्सलॉट हॉगबेन यांचं ‘मॅथेमॅटिक्स फॉर द मिलियन’ आलं. त्यांनी गणित इतिहासाच्या वाटेने नेलं: जमिनीची मोजणी, पंचांग, समुद्रप्रवास, म्हणजे कोणत्या गरजेतून काय निघालं ते. पुस्तक जाडजूड आहे, नवख्याचा दम मध्येच सुटू शकतो.

१९४३ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. सॉयर यांनी ‘मॅथेमॅटिशियन्स डिलाइट’चं पहिलं प्रकरणच भीतीला दिलं. शाळेत अनेकांना गणित भेटतच नाही, त्याची पोपटपंची नक्कल भेटते, आणि भीती त्या नकलेची असते, असं त्यांचं म्हणणं. थॉम्पसननी दोष चिन्हांकडे दाखवला होता. सॉयरनी तो शिकवण्याच्या पद्धतीत शोधला.

मराठीत मंगला नारळीकरांची ‘गणितगप्पा’ मुलांसाठी आहे, पण शाळेत हात टेकलेल्या पालकानेही तिथूनच सुरुवात करायला हरकत नाही.