फॉल्स पॉझिटिव्ह म्हणजे कोलिजन नव्हे

मागे आमच्या टीममध्ये एका ब्लूम फिल्टरवरून वाद झाला. नवीन युजरनेम आधीच कुणी घेतले आहे का, हे डेटाबेसला विचारण्याआधी तो फिल्टर चाळून बघायचा. नसलेल्या नावांपैकी शंभरात एखाद्यालाच तो चुकून "आहे" म्हणेल, असा आमचा हिशेब होता. प्रत्यक्षात तो शंभरात चौदा वेळा तसे म्हणत होता. एका सहकाऱ्याने लगेच निदान केले, "कोलिजन फार होतायत. हॅश फंक्शन फालतू आहे, SHA-256 लावू." लावले. आकडा जागचा हलला नाही, सीपीयूचा खर्च तेवढा वाढला.

त्याची चूक समजण्यासारखी आहे. हॅश टेबल शिकताना कोलिजन हा एकच खलनायक भेटतो. मग पुढे कुठेही हॅशमुळे घोळ झाला की त्याचेच नाव घेतले जाते.

हॅश टेबलमध्ये काय होते ते आधी बघू. समजा `ravi7` आणि `meena` ही दोन्ही नावे हॅश होऊन पाचव्या बकेटमध्ये पडली. हे कोलिजन. पण बकेटमध्ये नाव अक्षरशः लिहून ठेवलेले असते. `sai21` शोधताना आपण पाचव्या बकेटमध्ये पोचलो, तरी तिथली दोन्ही नावे ताडून पाहतो आणि "नाही" असे बिनचूक सांगतो. कोलिजनची किंमत आपण वेळात मोजतो, उत्तराला धक्का लागत नाही.

ब्लूम फिल्टरमध्ये नाव कुठेच लिहिलेले नसते. असते ती फक्त शून्य-एकाची लांबलचक रांग. नाव घालताना `k` वेगवेगळी हॅश फंक्शन्स `k` जागा सांगतात आणि तिथले बिट १ करायचे. विचारताना त्याच जागा बघायच्या. एक जरी ० सापडला तर नाव नक्कीच नाही, कारण ते घातले असते तर तो बिट १ झाला असता आणि १ चा पुन्हा ० आपण कधीच करत नाही. सगळे १ निघाले तर उत्तर "बहुधा आहे". बर्टन ब्लूमने १९७० साली ही युक्ती मांडली तेव्हा उत्तरात थोडी चूक चालवून घेऊन जागा वाचवणे हाच त्याचा सौदा होता.

आता समजा `ravi7` ने २, ७, १३ हे बिट १ केले आणि `meena` ने ५, ७, १६. मग कुणीतरी `sai21` विचारले आणि त्याच्या जागा निघाल्या २, ५, १६. तिन्ही १ आहेत, म्हणून फिल्टर "आहे" म्हणतो. हे फॉल्स पॉझिटिव्ह. पण `sai21` चा हॅश `ravi7` शी जुळला का? नाही. `meena` शी? तोही नाही. एक बिट रवीने पेटवला, दोन मीनाने, आणि तिसऱ्याच्या नावावर खोटी साक्ष उभी राहिली. म्हणजे हा दोन नावांमधला अपघात नाही, अख्ख्या गर्दीने मिळून केलेला आहे. म्हणूनच चांगल्या हॅशने तो टळत नाही. SHA-256 चे २५६ बिट आले तरी शेवटी ते रांगेच्या लांबीत कोंबावेच लागतात, आणि रांग किती भरली आहे यात काही फरक पडत नाही.

रांगेत `m` बिट आणि नावे `n` असतील, तर चुकीचे प्रमाण साधारण असे येते:

```
p ≈ (1 - e^(-k*n/m))^k
```

कंसातला भाग म्हणजे रांगेतला एखादा बिट १ असण्याची शक्यता. सूत्रात `k` दोनदा येतो आणि दोन्हीकडे उलट ओढतो. बाहेरचा `k` म्हणतो, जास्त जागा तपासा, म्हणजे खोटे नाव पकडले जाईल. आतला म्हणतो, प्रत्येक नावामागे जास्त बिट पेटवाल तर रांगच भरून जाईल. नावामागे १० बिट दिले आहेत असे धरा. एकच हॅश वापरला तर चूक ९.५ टक्के. तीन वापरले तर १.७, सातला ०.८२. पुढे मात्र चूक पुन्हा वाढू लागते: दहाला १ टक्का आणि वीसला थेट ५.५. जास्त तपासण्या म्हणजे जास्त अचूकता, असे मनाला वाटते खरे, पण ते इथे सातापर्यंतच टिकते.

सातच का? सर्वांत चांगला `k` तो, ज्याने रांग बरोबर अर्धी भरते. त्यासाठी `m/n` ला ०.६९३ ने गुणायचे, दहाला ६.९३ येतात. अर्धी रांग १ असेल तर प्रत्येक तपासणी म्हणजे नाणे उडवणे. सातही वेळा छापा पडण्याची शक्यता १२८ मध्ये १, म्हणजे ०.८ टक्क्याच्या आसपास.

LevelDB या डेटाबेसचा कोड इथे वाचण्यासारखा आहे. तो नावामागच्या बिटांना ०.६९ ने गुणतो आणि अपूर्णांक मुद्दाम सोडून देतो. १० बिटांना `k` सात नव्हे, सहा. चूक ०.८२ वरून ०.८४ टक्के होते, म्हणजे जवळजवळ फुकटात एक तपासणी वाचली. मला हा व्यवहार आवडतो. नसलेले नाव विचारले तर अर्ध्या भरलेल्या रांगेत सरासरी दोनच तपासण्यांत ० सापडतो. असलेल्या नावाला मात्र सगळ्या `k` जागा बघाव्या लागतात, आणि मोठ्या रांगेत प्रत्येक जागा म्हणजे मेमरीत एक लांबची उडी.

आमच्या फिल्टरकडे परत येऊ. १० लाख नावे धरून १ कोटी बिट घेतले होते, म्हणजे जेमतेम सव्वा एमबी, आणि `k` ७. शेवटी कुणीतरी रांगेतले १ मोजले. पन्नास टक्के हवे होते, निघाले पंचाहत्तर. ०.७५ चा सातवा घात काढा, सुमारे साडेतेरा टक्के येतात. नावे वीस लाख झाली होती, एवढेच. `k` कमी करून थोडी डागडुजी झाली असती, पण खरा उपाय मोठी रांग घेऊन फिल्टर नव्याने बांधणे हाच होता. आणि जुन्या फिल्टरमधून नावे परत काढता येत नाहीत, त्यामुळे ती सगळी डेटाबेसमधून पुन्हा वाचावी लागली.

सहकाऱ्याचे निदान खरे ठरेल अशी एक जागा मात्र आहे. प्रत्यक्षात `k` वेगळी हॅश फंक्शन्स सहसा कुणी चालवत नाही. एकच हॅश काढून त्यातून बाकीच्या जागा बेरजेने काढतात. तो हॅश ३२ बिटांचा असेल, तर दोन नावांचा हॅश जुळला की त्यांच्या सगळ्या जागा जुळल्या. इथे कोलिजन हेच फॉल्स पॉझिटिव्ह. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी आकडे मावतात. नावे ४.३ कोटी झाली की एवढ्या एका कारणानेच १ टक्का चूक होते, आणि रांग कितीही लांब केली तरी ती तिथून खाली येत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायला पाच मिनिटे पुरतात. रांगेतल्या १ चे प्रमाण मोजा आणि त्याचा `k` वा घात काढा. मग नक्की नसलेली लाखभर नावे विचारून खरी चूक मोजा. दोन्ही आकडे जुळले तर रांग भरली आहे. खरी चूक बरीच जास्त निघाली, तर मग हॅशकडे बघा.