सूट आणि कॉम्बो ऑफर (किरकोळ व्यापार)

ठरावीक किमतीतून काही रक्कम कमी करणे म्हणजे सूट, आणि दोन-तीन वस्तू एकत्र बांधून त्यांच्या बेरजेपेक्षा कमी दरात देणे म्हणजे कॉम्बो. दोन्हींमुळे खप वाढतो, पण नफा वाढेलच असे नाही. कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला येणारे बाहेरगावचे गिऱ्हाईक आणि वर्षभर येणारे गावातले गिऱ्हाईक एकाच दुकानात भेटतात. त्यामुळे मसाला, गूळ, काकवी विकणाऱ्या दुकानाच्या उदाहरणावरून हा हिशेब नीट उलगडतो. पुढचे आकडे उदाहरणादाखल असून जीएसटी वगळून धरले आहेत.

अर्धा किलो कांदा-लसूण मसाला ३०० रुपयांना विकला जातो आणि दुकानदाराला तो १९५ रुपयांना पडतो. सुटणारे १०५ रुपये म्हणजे विक्री किमतीवर ३५ टक्के मार्जिन. १० टक्के सूट दिली की ३० रुपये जातात, ७५ उरतात. आधी जेवढे पैसे सुटत होते तेवढेच सुटायला खप ४० टक्क्यांनी वाढावा लागतो. सूत्र सोपे आहे: सुटीची टक्केवारी भागिले, मार्जिनमधून सूट वजा करून उरलेली टक्केवारी. इथे १० भागिले २५. एक किलो गूळ मात्र ६८ ला पडून ८० ला जातो, मार्जिन १५ टक्के. तीच १० टक्के सूट गुळावर दिली तर १२ रुपयांतले ४ च उरतात आणि खप तिप्पट करावा लागतो. म्हणून ‘सर्व मालावर १० टक्के’ ही पाटी मसाल्यापेक्षा गुळावर कितीतरी महाग पडते. अनेक दुकानदार मार्जिन खरेदीभावावर मोजतात. त्या पद्धतीने मसाल्याचे मार्जिन जवळपास ५४ टक्के दिसते आणि सूट परवडेल असा भास होतो. या सूत्रात विक्री किमतीवरचेच मार्जिन घालावे लागते.

कॉम्बोचा हिशेब जास्त फसवा असतो. मसाला, गूळ आणि १२० रुपयांची काकवीची बाटली (खरेदी ७८) यांची बेरीज ५०० होते. खोक्याचे ८ रुपये धरून संच दुकानदाराला ३४९ ला पडतो. तो ४५० ला ठेवला तर १०१ रुपये सुटतात. ज्याला नुसता मसाला घ्यायचा होता त्याने संच घेतला की बिल ३०० वरून ४५० वर जाते, पण सुटणारे पैसे १०५ वरून १०१ वर येतात. गल्ला भरलेला दिसतो, नफा मात्र घटलेला असतो. संच ४७५ ला ठेवला की १२६ सुटतात, म्हणजे अशा गिऱ्हाइकामागे २१ रुपये जास्त.

पण तिन्ही वस्तू तशाही घेणारे गिऱ्हाईकही तोच संच उचलते. त्याच्याकडून आधी १५९ रुपये सुटत होते. आता ३३ कमी. संच घेणाऱ्या दहा जणांत असे तिघे आणि मसालावाले सात असतील तर १४७ मिळतात, ९९ जातात आणि ४८ रुपये हाती राहतात. असे चौघे झाले की १२६ मिळून १३२ जातात, म्हणजे तोटा. कॉम्बो फायद्याचा की तोट्याचा हे एवढ्या एका माणसाच्या फरकाने ठरते. त्यामुळे ऑफर लावण्याआधीची बिले काढून तिन्ही वस्तू एकत्र घेणारे किती होते ते मोजणे, हेच या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल. त्यांचे प्रमाण मोठे असेल तर ते सहसा घेत नाहीत अशी, चांगल्या मार्जिनची चौथी वस्तू संचात घालणे बरे.

ऑफरच्या आठवड्यातला खप एकटा पाहून निष्कर्ष काढता येत नाही. पर्यटक पुढच्या महिन्याचा मसाला आगाऊ नेत नाही, पण गावातले गिऱ्हाईक सूट बघून दोन महिन्यांचा भरून ठेवते आणि नंतर फिरकत नाही. म्हणून ऑफर संपल्यानंतरचे चार-सहा आठवडेही हिशेबात धरावे लागतात आणि विक्रीऐवजी सुटलेल्या पैशांची बेरीज करावी लागते. पावसाळ्यापूर्वी उरलेला गूळ हा वेगळा प्रश्न आहे. दमट हवेत त्याला पाणी सुटते, म्हणून तिथे खरेदीभावाच्या जवळ जाऊन विकणेही शहाणपणाचे ठरते. त्या सुटीची तुलना नेहमीच्या मार्जिनशी न करता खराब होणाऱ्या मालाच्या नुकसानीशी करायची.

कराचीही एक मर्यादा आहे. स्वाभाविकपणे एकत्र विकल्या न जाणाऱ्या, वेगवेगळ्या जीएसटी दरांच्या वस्तू एकाच किमतीत बांधल्या तर कायद्याने तो मिश्र पुरवठा ठरतो आणि त्यांतला सर्वांत चढा दर संपूर्ण संचाला लागतो. मसाल्याच्या संचात चढ्या दराची शोभेची वस्तू घातली की संचातले मार्जिन करातच जाऊ शकते. अशा वेळी वस्तूंच्या किमती वेगळ्या लावून प्रत्येकीवरची सूट बिलातच दाखवतात. विक्रीच्या वेळी बिलात नोंदलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते.