कार्ड-संघबांधणी (फुटबॉल व्हिडिओ गेम)

फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूंची कार्डे जमवून स्वतःचा संघ उभारण्याचा प्रकार. ‘अल्टिमेट टीम’ हे त्याचे सर्वांत रूढ रूप होय.

त्याचा आरंभ सामान्यतः मार्च २००९ मधला मानतात. तेव्हा ‘फिफा ०९’ साठी तो वेगळी किंमत मोजून घ्यावा लागे. मात्र ‘फिफा’ गेम बनवणाऱ्या ईए कंपनीच्याच, चॅम्पियन्स लीगच्या २००६–०७ हंगामावरील गेममध्ये कार्डांचा असाच प्रकार आधीच होता. त्यामुळे २००९ हे वर्ष उगमाचे नव्हे, तर प्रसाराचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

संघाचा मेळ ‘केमिस्ट्री’ने मोजतात. ‘फिफा २२’ पर्यंत मैदानावर शेजारी उभ्या असलेल्या खेळाडूंमधील क्लब, देश व लीगचे दुवे त्यासाठी धरले जात. ‘फिफा २३’ मध्ये (२०२२) शेजाराची अट गेली. आता खेळाडू संघात कुठेही असला तरी मोजला जातो; फक्त तो स्वतःच्या कार्डावरील जागी खेळवावा लागतो, नाहीतर त्याला शून्य गुण मिळतात. प्रत्येकाला जास्तीत जास्त ३ गुण, म्हणजे संघाला ३३. पहिला गुण एकाच क्लबचे किंवा एकाच देशाचे दोघे असले की मिळतो; लीगसाठी मात्र तिघे लागतात.

‘फिफा २२’ मध्ये इंडियन सुपर लीग आल्याने मुंबई सिटीची कार्डे मिळू लागली, म्हणून त्यांचेच उदाहरण घेऊ. मुंबई सिटीचे दोन भारतीय खेळाडू घेतले, तर क्लबचा एक आणि देशाचा एक असे प्रत्येकी २ गुण होतात. तिसरा भारतीय ईस्ट बंगालचा घेतला की लीगचा आकडा तीनवर जातो आणि पहिल्या दोघांचे ३ गुण पूर्ण होतात. ईस्ट बंगालच्या खेळाडूला देश व लीग मिळून २ गुण मिळतात. ज्यांचे ३ गुण भरले, त्यांच्यासाठी आणखी एखादे महाग कार्ड घेणे हा निव्वळ अपव्यय. नवशिक्यांचे बरेच कॉइन, म्हणजे गेममधील चलन, इथेच जातात. उलट मुंबई सिटीचेच अकरा जण आपापल्या जागी खेळवले तर ३३ गुण सहज होतात, पण कार्डांचे मूळ मानांकन कमी असल्याने तो संघ बलाढ्य ठरत नाही.

कार्डांच्या व्यापारात विक्रीच्या रकमेतून ५ टक्के कापले जातात. २,००० कॉइनला घेतलेले कार्ड २,१०० ला विकले, तर हाती १,९९५ येतात, म्हणजे ५ चा तोटा. या पट्ट्यात किंमत शंभराच्या टप्प्यांनी वाढते. त्यामुळे किमान २,२०० चा भाव हवा, तेव्हा ९० सुटतात. खरेदीची रक्कम ०.९५ ने भागून हा हिशेब बोली लावण्याआधीच करावा.

खऱ्या पैशांनी घेतलेल्या, कार्डांच्या बंद पॅकवर छापलेली शक्यता विशिष्ट खेळाडूची नसून त्या दर्जाचे किमान एक कार्ड निघण्याची असते. म्हणून हवे ते कार्ड बाजारातूनच घेणे बरे. जमवलेला संघ पुढच्या वर्षीच्या गेममध्ये नेता येत नाही.