भविष्य निर्वाह निधी : पासबुक व पगारपत्रकाचा ताळमेळ

कामगाराच्या पगारातून दरमहा कापलेला फंड आणि मालकाने त्यात घातलेली भर खरोखर त्याच्या खात्यावर चढली का, हे पासबुकातील ओळी पगारपत्रकाशी महिन्यागणिक लावून पाहण्याचे काम. सोलापुरात टॉवेल-चादरीचे कारखाने, गणवेशाचे शिलाई व्यवसाय आणि बिडी कारखाने शेजारी शेजारी आहेत. एकाच घरातली दोन माणसे वेगळ्या दराच्या फंडात असू शकतात, म्हणून हे काम इथे थोडे निसरडे होते.

पासबुकात प्रत्येक महिन्याची एक ओळ असते. तिच्यात ज्यावर फंड काढला ते वेतन, निवृत्तिवेतनासाठी धरलेले वेतन, कामगाराचा वाटा, मालकाचा वाटा आणि निवृत्तिवेतनाची रक्कम हे आकडे या क्रमाने येतात. कामगाराचा वाटा मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १२ टक्के. मालकही १२ टक्केच देतो, पण त्यातले ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि उरलेले तेवढे फंडात. निवृत्तिवेतनासाठी वेतनाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे, म्हणून तो रकाना १,२५० च्या वर जात नाही. मालकाचा वाटा कामगाराच्या वाट्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी दिसला की नवखा माणूस दचकतो. तिथे चूक नसते. मालकाचा रकाना आणि निवृत्तिवेतनाचा रकाना यांची बेरीज कामगाराच्या वाट्याइतकी यायला हवी, ही प्रत्येक ओळीची पहिली तपासणी.

पासबुकाच्या पीडीएफमधून ओळी काढायला साधी आज्ञा पुरते. दोन भाषांतल्या मथळ्यांमधली हिंदी अक्षरे बऱ्याचदा फुटून येतात. त्यांच्या नादी न लागता वर्गणीच्या ओळी तेवढ्या उचलाव्यात.

```
pdftotext -layout passbook.pdf pb.txt
grep "Due-Month" pb.txt
```

हाती येणारी ओळ साधारण `Cont. For Due-Month 052023` अशा मजकुराची असते. खरी गोम याच सहा आकड्यांत आहे. हा महिना पगाराचा नव्हे, भरणा करायचा आहे. एप्रिलच्या पगाराचा फंड १५ मेपर्यंत भरायचा असतो, म्हणून एप्रिल २०२३ ची ओळ `052023` अशी उमटते. साहजिकच पासबुकाचे आर्थिक वर्ष मार्चच्या पगारापासून सुरू होऊन फेब्रुवारीच्या पगारावर संपते, तर पगारपत्रकाचे वर्ष एप्रिल ते मार्च. दोन्हींच्या वार्षिक बेरजा समोरासमोर मांडणारा माणूस पगारवाढीच्या प्रत्येक वर्षी फरक काढून दाखवेल, आणि तो फरक खोटा असेल.

उदाहरणासाठी अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेल कारखान्यातला एक लूम कामगार घेऊ. मार्च २०२३ मध्ये त्याचे फंडाचे वेतन ११,००० होते, एप्रिलपासून ११,४०० झाले. त्याची कपात मार्चला १,३२० आणि पुढे दरमहा १,३६८. अकरा हजार चारशेवरचे निवृत्तिवेतन ९४९.६२, म्हणजे पूर्णांकात ९५०, आणि मालकाच्या रकान्यात ४१८. पगारपत्रकानुसार २०२३-२४ ची कपात बारा महिन्यांची १६,४१६ रुपये. पासबुकात त्या वर्षाची बेरीज मात्र १५,०००. फरक १,४१६.

आता ओळी पगाराच्या महिन्यावर लावल्या. फरकातले ४८ रुपये मार्च आत आल्याने आणि पुढचा मार्च बाहेर राहिल्याने निघाले, ते सोडून द्यायचे. उरलेले १,३६८ म्हणजे नेमका एक महिना, आणि ऑक्टोबर २०२३ ची ओळ पासबुकात खरोखरच नाही. अशा वेळी लगेच मालकाने फंड खाल्ला असे म्हणू नये. मालकाने दाखल केलेल्या मासिक विवरणाची, म्हणजे ईसीआरची, त्या महिन्याची यादी मागावी. या मजकूर फाइलमध्ये प्रत्येक कामगाराची एक ओळ असते आणि रकाने `#~#` या खुणेने वेगळे केलेले असतात:

```
UAN#~#NAME#~#11400#~#11400#~#11400#~#11400#~#1368#~#950#~#418#~#0#~#0
```

आपल्या कामगाराचे नाव ऑक्टोबरच्या यादीतून गळले होते. कारखान्याने ते पुढच्या वर्षी जूनमध्ये पुरवणी विवरणाने भरले, म्हणून ती ओळ २०२४-२५ च्या पासबुकात सापडली. जमा तारखेवर किंवा आर्थिक वर्षावर ओळी लावणाऱ्याला ती दोन्हीकडे चुकीची दिसली असती.

शिल्लक तपासायची तर व्याजाचा हिशेबही लागतो. जमा झालेल्या रकमेवर पुढच्या महिन्यापासून व्याज धरतात आणि वर्षअखेरीस एकदाच चढवतात. २०२३-२४ चा दर ८.२५ टक्के होता. सुरुवातीची शिल्लक ४०,००० धरली तर तिचे व्याज ३,३००. एप्रिलमध्ये जमा झालेल्या १,३२० वर अकरा महिन्यांचे, मेमधल्या १,३६८ वर दहा महिन्यांचे, असे उतरत जाऊन मार्चमध्ये जमा झालेल्या रकमेवर काहीच नाही. गळलेली ओळ वगळता हे व्याज ५७९ भरते. म्हणून कामगाराच्या वाट्याची अखेरची शिल्लक ५८,८७९ यायला हवी. एखाद्या रुपयाचा फरक पूर्णांकाचा असतो. निवृत्तिवेतनाच्या रकान्यावर व्याज नसते, त्यामुळे तो या बेरजेत मिसळू नये. उचल किंवा अग्रिमाची ओळ असेल, तर ती वर्गणीत न धरता त्या महिन्यापासून शिल्लक मात्र कमी करावी.

कामगार जुळवताना नावावर भरवसा ठेवू नये. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहिण्याची रीत आहे, आणि हजेरीपटावरचे नाव आधारवरच्या नावाशी क्वचितच अक्षरशः जुळते. प्रत्येक सदस्याचा कायमचा बारा अंकी क्रमांक, म्हणजे यूएएन, हीच जुळणीची किल्ली. कामाची जागा बदलली की सदस्य क्रमांक नवा मिळतो आणि पासबुकही वेगळे उघडते, पण यूएएन तोच राहतो.

दराचे दोन अपवाद लक्षात ठेवावेत. बिडी उद्योगाला दर १० टक्के आहे. ६,००० वेतनाच्या बिडी कामगारणीचा वाटा ६००, निवृत्तिवेतन ५०० आणि मालकाच्या रकान्यात फक्त १००. टॉवेल कारखान्याचे १२ टक्क्यांचे सूत्र या यादीवर ओढले तर प्रत्येक बाई कमी भरलेली दिसेल. दुसरा अपवाद मे, जून आणि जुलै २०२० च्या पगारांचा. त्या तीन महिन्यांत १२ टक्केवाल्या बहुतेक आस्थापनांनाही सरकारने १० टक्के दर लावला होता, त्यामुळे तिथली घट मालकाची चूक नाही.

हा ताळमेळ फक्त दोन कागद एकमेकांशी जुळतात का एवढेच सांगतो. मीटरवर मजुरी मिळणाऱ्याची पगारपत्रकातच कमी रक्कम दाखवली असेल, तर पासबुकही तेवढ्याच कमी रकमेचे येईल आणि सगळ्या ओळी चोख जुळतील. ते पकडायचे तर कापडाच्या मीटरची वही तिसरी म्हणून शेजारी उघडावी लागते.