ड्रममधून कॅनमध्ये : टोल्युइन ओतण्याची दोन मिनिटे

टोल्युइन या सहज पेटणाऱ्या द्रावकाचा २०० लिटरचा ड्रम घट्ट बूच लावून उभा असतो, तोवर तो सहसा काही करत नाही. लहान कारखान्यात खरा धोका सुरू होतो तो बूच उघडून दहा लिटरचा कॅन भरायला घेतल्यावर. वाफ बाहेर पडते, वाहत्या द्रवामुळे विद्युतभार साठतो आणि काम करणारा माणूस अगदी जवळ उभा असतो. म्हणून साठवणीची खोली कशी असावी हे ठरवताना भरण्याची ही दोन मिनिटे डोळ्यांसमोर ठेवावीत.

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. त्या तापमानालाच त्याच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ तयार होते. हवेत ही वाफ साधारण १.१ ते ७.१ टक्के असेल तर ती पेटते. त्याहून कमी किंवा जास्त असेल तर पेटत नाही. २५ अंशाला बंद ड्रममध्ये द्रवाच्या वरच्या पोकळीत वाफेचे प्रमाण साधारण पावणेचार टक्के असते, म्हणजे पेटणाऱ्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये. पेट्रोलच्या टाकीत याच तापमानाला वाफ इतकी दाट असते की आतले मिश्रण सहसा पेटत नाही. टोल्युइनच्या बाबतीत हा दिलासा नाही. भरताना कॅनच्या तोंडाशी ठिणगी पडली, तर ज्वाला आत शिरू शकते.

आता तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली घेऊ. हवा २७ घनमीटर. भरताना एक लिटर टोल्युइन सांडले आणि सगळे उडून गेले, तर त्याची वाफ होते सुमारे २३० लिटर. ती खोलीभर सारखी पसरली तर प्रमाण ०.८५ टक्के होईल, म्हणजे पेटण्याच्या मर्यादेच्या थोडे खाली. पण ती सारखी पसरत नाही. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते, त्यामुळे ती जमिनीलगत साचते. खालच्या एक मीटरच्या थरातच ती राहिली तर प्रमाण अडीच टक्क्यांवर जाते. छातीच्या उंचीवर फारसे काही जाणवत नसताना पायाशी पेटणारे मिश्रण तयार झालेले असते, आणि ते दाराखालच्या फटीतून शेजारच्या वेल्डिंगपर्यंतही जाऊ शकते.

छताजवळ बसवलेला एक्झॉस्ट फॅन म्हणूनच मला फसवा वाटतो. तो फिरताना दिसतो, आवाज करतो आणि जिथे वाफ नाही तिथली हवा बाहेर टाकतो. हवा ओढणारे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत हवे आणि ताजी हवा समोरच्या भिंतीतून यायला हवी, म्हणजे प्रवाह पूर्ण जमिनीवरून वाहतो. फॅनची मोटर फ्लेमप्रूफ हवी आणि बटण खोलीबाहेर. तासाला किमान सहा वेळा हवा बदलावी असा सर्वमान्य आकडा आहे. आपल्या खोलीसाठी तो होतो तासाला १६२ घनमीटर. जिथे ओतण्याचे काम चालते तिथे अमेरिकी मानक किमान २५० घनमीटरच्या आसपास मागते. तासाभरात एक लिटर उडाले तर वाफ पेटण्याच्या मर्यादेच्या चौथाईवर ठेवायला सुमारे ८४ घनमीटर हवा लागते. हवा नीट मिसळत नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त हवा ठेवायची. मात्र हा हिशोब आगीचा आहे, फुप्फुसांचा नाही. पेटण्याच्या चौथाई मर्यादेइतकी वाफही श्वासासाठी अतिशय घातक असते. फॅन चालतो आहे की नाही हे आवाजावरून ठरवू नका. कागदाची पट्टी खालच्या तोंडाशी धरा. ती आत ओढली गेली पाहिजे.

वाफ कितीही कमी केली तरी कॅनच्या तोंडाशी ती असणारच. तिथे ठिणगी पडू न देणे हाच उपाय. टोल्युइनमधून वीज जवळजवळ वाहत नाही. ते नळीतून किंवा नरसाळ्यातून वाहते तेव्हा विद्युतभार वेगळा होतो आणि लवकर विरत नाही. प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवलेल्या पत्र्याच्या कॅनवर तो साठत जातो आणि ड्रमच्या तोटीशी जवळीक झाली की उडी मारतो. टोल्युइनची वाफ पेटवायला सुमारे ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. माणसाच्या अंगावर तीन हजार व्होल्ट साठले, म्हणजे बोटाला जेमतेम चटका बसेल इतके, तरी त्यात याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते.

२९ ऑक्टोबर २००७ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात डे मॉइन येथील बार्टन सॉल्व्हंट्सच्या आवारात असेच झाले. कामगाराने ३०० गॅलनच्या पोलादी टाकीत इथाइल अॅसिटेट भरायला घेतले. भरण्याचे नोझल जागेवर राहावे म्हणून त्याला पोलादी वजन लटकवले, झडप उघडली आणि तो बाजूला गेला. काही क्षणांत फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि टाकी ज्वाळांत दिसली. चौकशीत आढळले की नोझलचे धातूचे भाग आणि होज टाकीशी जोडलेले नव्हते, त्यांना अर्थिंगही केलेले नव्हते. टाकीची काळजी घेतली होती, पण नोझल एकटे पडले होते. शेजारच्या गोदामाची मधली भिंत आग थोपवणारी नसल्याने आग तिथेही गेली.

म्हणून तार जोडायची ती सगळ्या धातूंना: ड्रम, तोटी, नरसाळे, कॅन आणि शेवटी अर्थिंग. प्लॅस्टिकच्या कॅनला तार लावून उपयोग नाही, म्हणून या कामाला धातूचाच कॅन घ्यावा. सगळ्यात जास्त चूक होते ती चिमट्यात. चिमटा रंगावर बसला तर तार नुसती लोंबते. त्याची टोके रंग खरवडून पत्र्यात रुतली पाहिजेत. ड्रम उघडण्यापूर्वी, वाफ नसताना, मल्टिमीटरने ड्रमच्या उघड्या पत्र्यापासून कॅनच्या उघड्या पत्र्यापर्यंत रोध मोजा. १० ओहमच्या वर गेला तर जोड बिघडलेला आहे. आधी तार लावा, मग बूच उघडा. शेवटी आधी बूच लावा, मग तार काढा. ओतताना नळीचे टोक कॅनच्या तळाशी न्या, कारण उंचावरून पडणाऱ्या धारेने शिंतोडे आणि भार दोन्ही वाढतात. टोक बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या खाली ठेवा, आणि कॅन भरल्यावर तार काढण्याआधी अर्धा मिनिट थांबा.

आता प्रमाण. एका शिफ्टला १५ लिटर लागत असतील, तर कामाच्या टेबलाजवळ दोन दहा लिटरचे सेफ्टी कॅन पुरेत. ड्रम तिथे नको. गुळगुळीत फरशीवर पाच मिलिमीटरचा थर धरला, तर दहा लिटर दोन चौरस मीटरवर पसरतात आणि फुटलेल्या ड्रममधले २०० लिटर चाळीस चौरस मीटरवर. आगीचे क्षेत्र त्याच प्रमाणात वाढते. इतका कमी फ्लॅश पॉइंट असलेले द्रव कामाच्या खोलीत ५० लिटरहून जास्त ठेवू नयेत असे ब्रिटनचे सुरक्षा मार्गदर्शन सांगते, आणि तेही अग्निरोधक कपाटात. तुमच्या परवान्यातला आकडा याहून कमी असेल तर तोच पाळायचा. साठवणीच्या खोलीत दाराला दहा सेंटिमीटरचा उंबरा घातला, तर आपल्या नऊ चौरस मीटरच्या जमिनीवर ९०० लिटर मावतात. ड्रम आणि भिंतींनी घेतलेली जागा वजा केली तरी एक ड्रम पूर्ण फुटला तर तो आतच राहतो.

मोजणीतून नेहमी सुटतो तो रिकामा ड्रम. तळाशी उरलेले अर्धा लिटर टोल्युइनही सगळा ड्रम पेटणाऱ्या वाफेने भरून टाकू शकते, म्हणून त्याचे बूच लावलेले असावे, तो भरलेल्या ड्रमइतकाच जपावा आणि त्यावर कटर किंवा वेल्डिंग चालवू नये.